विश्लेषण : आरशात रस्ता मोकळा होता, मग दुचाकी आली कुठून?

पुण्यात कार आणि दुचाकीची धडक झाली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. कारवाला म्हणतो, ‘आरशात बघितलं होतं, कोणी नव्हतं.’ दुचाकीवाला म्हणतो, ‘मी शेजारीच होतो, न बघता गाडी दाबली.’ भोवती जमलेली गर्दी दोघांपैकी एकाला खोटं ठरवते. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. आरशात खरंच कोणी नसतं आणि दुचाकी खरंच शेजारी असते.

2018 मध्ये पुणे आरटीओकडे नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांच्या पुढे गेली, तेव्हा शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. त्या 36 लाखांत सुमारे 27 लाख दुचाकी होत्या. देशाचा आकडाही याच दिशेने बोट दाखवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये रस्ते अपघातांत मरण पावलेल्या 1 लाख 68 हजार 491 जणांपैकी 44.5 टक्के दुचाकीवर होते. हे सगळे मृत्यू लेन बदलताना झालेले नाहीत, हे उघड आहे. पण ज्या शहरात कारच्या दोन्ही बाजूंना सतत कोणीतरी दुचाकीवर असतं, तिथे ‘आरशात बघितलं’ एवढं का पुरत नाही, हे समजून घ्यायला हवं.

आरसा काय दाखवत नाही?

कारला तीन आरसे असतात. आतला आरसा मागच्या काचेतून सरळ मागचा रस्ता दाखवतो. बाहेरचे दोन आरसे मागचा तिरका भाग दाखवतात. समोर बघताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून साधारण आपल्या खांद्याच्या रेषेपर्यंतचं जाणवतं. बाहेरच्या आरशात दिसणारा भाग जिथे सुरू होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्याची हद्द जिथे संपते, त्यांच्यामध्ये एक पट्टा उरतो. तो मागच्या दरवाजाच्या आसपास सुरू होतो आणि मागच्या बंपरच्या थोडा पुढे-मागे संपतो. हाच ब्लाइंड स्पॉट. नावात ‘स्पॉट’ असलं तरी तो ठिपका नाही, गाडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली चांगली तीन-चार मीटर लांबीची पाचर आहे.

आता या पाचरीत कोण मावतं ते बघा. छोटी कारही साडेतीन-चार मीटर लांब असते. ती शेजारून जाताना तिचं शेपूट आरशात तरी दिसतं, नाहीतर बॉनेट खिडकीत तरी दिसतं. काहीतरी दिसतंच. स्कूटर मात्र जेमतेम पावणेदोन-दोन मीटर लांब आणि हँडलसकट साधारण 70 सेंटिमीटर रुंद असते. ती या पाचरीत अख्खी मावते, आरशात चाक नाही आणि खिडकीत हेल्मेट नाही. शिवाय कारच्या मागच्या बाजूला छताला आधार देणारा जाड खांब असतो. त्याच्याआड कार लपत नाही, दुचाकीस्वार सहज लपतो.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. उजवा आरसा डोळ्यांपासून पाऊण मीटरभर अंतरावर असतो, डावा जवळपास त्याच्या दुप्पट लांब. खिडकीपासून जितकं दूर उभं राहावं तितकं बाहेरचं कमी दिसतं, तसंच आरशाचं आहे. ही कमतरता भरून काढण्यासाठी बाहेरचे आरसे बहुतेकदा बहिर्गोल, म्हणजे किंचित फुगीर असतात. त्यात जास्त भाग दिसतो, पण प्रत्येक गोष्ट लहान आणि म्हणून लांब भासते. आरशावर तसा इशारा छापलेला असतोच. मुळात सडपातळ असलेली दुचाकी अशा आरशात आणखी बारीक होते. लहान दिसणारी वस्तू पोहोचायला वेळ आहे, असा अंदाज आपला मेंदू बांधतो. त्याच अंतरावरून त्याच वेगाने येणारी बस आणि स्कूटर यांपैकी बस लवकर पोहोचेल, असंच बहुतेकांना वाटतं.

बघूनही न दिसण्याचं काय?

दुचाकी का दिसत नाही, यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 56 जणांना रस्त्यांची छायाचित्रं दाखवली आणि प्रसंग सुरक्षित वाटतो की धोक्याचा, एवढंच विचारलं. शेवटच्या छायाचित्रात त्यांना न सांगता एक जास्तीचं वाहन टाकलं होतं, काहींसाठी मोटारसायकल आणि काहींसाठी टॅक्सी. टॅक्सी 31 टक्के लोकांच्या नजरेतून सुटली. मोटारसायकल 65 टक्के लोकांच्या. दोन्ही वाहनं अगदी समोर, चित्रात होती. संशोधकांचा निष्कर्ष असा की मेंदूला जे दिसण्याची अपेक्षा नसते ते तो गाळून टाकतो, आणि तिथल्या रस्त्यांवर मोटारसायकली कमी असल्याने त्यांची अपेक्षाच नसते.

हे स्पष्टीकरण जसंच्या तसं पुण्याला लावणं मात्र चुकीचं ठरेल. टिळक रोडवर गाडी चालवणाऱ्याला दुचाकी दिसण्याची अपेक्षा नाही, असं कोण म्हणेल? इथली अडचण उलटी आहे. दुचाकी इतक्या आहेत की एकेक वेगळी नोंदली जात नाही, आरशात फक्त ‘गर्दी’ दिसते. आणि ती गर्दी एका जागी राहत नाही. परदेशातल्या लेनमध्ये मागचं वाहन दोन सेकंदांपूर्वी जिथे दिसलं, तिथेच जवळपास राहतं. पुण्यातली दुचाकी तेवढ्यात कारच्या मागून निघून डावीकडे आलेली असते. म्हणजे पुण्यात आरसा खोटं सांगत नाही, तो शिळं सांगतो.

नळस्टॉपवरचं दोन सेकंदांचं गणित

कर्वे रोडवर नळस्टॉपचा दुमजली उड्डाणपूल 2022 मध्ये सुरू झाला. वर मेट्रो, मध्ये वाहनांचा पूल आणि खाली चौक. पूल रस्त्याच्या मधोमध चढतो आणि खालून जाणाऱ्यांना कडेच्या रस्त्याने जावं लागतं. त्यामुळे पुलाच्या तोंडाशी रोज शेकडो चालक शेवटच्या क्षणी ठरवतात, वरून की खालून. शहरातल्या अशा प्रत्येक पुलाच्या तोंडाशी हेच होतं, सिंहगड रोडवरही आणि विद्यापीठ चौकातही. ब्लाइंड स्पॉटचा हिशेब मांडायला म्हणूनच ही जागा सोयीची आहे.

समजा, कोथरूडकडून डेक्कनच्या दिशेने एक कार ताशी 30 किलोमीटर वेगाने मधल्या लेनमधून येते आहे. चालकाला चौकात वळायचं आहे, म्हणजे पुलावर न चढता डावीकडे सरकायला हवं. त्याने डाव्या आरशात पाहिलं. पट्टा मोकळा. कारच्या अगदी मागे एक स्कूटर आहे, पण ती डावीकडे नाही, मागे आहे, आणि आतल्या आरशात डोकावल्यावर दिसली तरी ‘मागे आहे’ एवढीच नोंद होते. चालक इंडिकेटर देतो. इंडिकेटर मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकतो, म्हणजे तीन वेळा लुकलुकेपर्यंत दोन-अडीच सेकंद गेले.

मागच्या स्कूटरवालीलाही खालूनच जायचं आहे. तिचा वेग ताशी 36 किलोमीटर, कारपेक्षा फक्त 6 ने जास्त. चालकाने आरशातून नजर काढली त्याच सुमारास तिने हँडल डावीकडे घेतलं. ताशी 6 किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला सुमारे 1.7 मीटर. मागच्या बंपरपासून मागच्या दरवाजापर्यंतची चार मीटरची पाचर ओलांडायला तिला जवळपास अडीच सेकंद लागतात. चालकाने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, शहाण्यासारखा थांबला आणि स्टिअरिंग फिरवलं, नेमकी त्याच वेळी ती पाचरीच्या मध्यावर आहे. पुढे तिच्या हातात फार काही उरत नाही. कार सेकंदाला एक मीटर या गतीने आडवी सरकली आणि दोघांत एक मीटर अंतर असलं, तर तिला एकच सेकंद मिळतो. काय घडतंय हे कळून ब्रेकवर बोट दाबलं जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो.

याच हिशेबात एक गोष्ट अनेकांच्या समजुतीविरुद्ध जाते. पाचरीत फार वेळ न रेंगाळणारा कोण? सुसाट जाणारा. ताशी 20 किलोमीटरच्या फरकाने गेलेला बाइकवाला तीच चार मीटर पाऊण सेकंदात ओलांडतो. त्याच्या वेगाचे बाकीचे धोके आहेत, पण या एका बाबतीत तो लवकर सुटतो. अडकतो तो आपल्याइतक्याच वेगाने, शिस्तीत शेजारून चाललेला. त्याचा वेग कारपेक्षा ताशी तीनच किलोमीटर जास्त असेल, तर तो पाच सेकंद अदृश्य राहतो.

आता चालकाने करायचं काय होतं? क्रम तोच, फक्त शेवटी एक पायरी जास्त. आधी आतला आरसा, मग डावा आरसा, मग इंडिकेटर, आणि स्टिअरिंग हलवायच्या अगदी आधी मान डावीकडे वळवून मागच्या दरवाजाच्या काचेतून एक नजर. इंडिकेटरच्या आधी मान वळवली तर तीही शिळी होते. धड वळवायचं नाही, कारण खांदा फिरला की स्टिअरिंगही त्याच बाजूला ओढलं जातं. हनुवटी खांद्याकडे नेली की पुरतं. याला अर्धा सेकंद लागतो आणि ताशी 30 च्या वेगात तेवढ्यात कार चार मीटर पुढे जाते. म्हणूनच पुढच्या रिक्षाला चिकटून चालवणारा मान वळवतच नाही. तेवढी उसंत त्याने स्वतःला ठेवलेलीच नसते.

त्यानंतरही एकदम लेनमध्ये घुसायचं नाही. आधी आपल्याच लेनमध्ये पट्ट्यापर्यंत सरकायचं, क्षणभर तिथे राहायचं, मग ओलांडायचं. शेजारच्या दुचाकीस्वाराला मागचा इंडिकेटर दिसत नसतो, पण अंगावर येणारी गाडी दिसते. या दोन टप्प्यांमुळे त्याला एकाऐवजी दोन-तीन सेकंद मिळतात. इंडिकेटर पाहून मागचा थांबेल ही अपेक्षा मात्र कर्वे रोडवर जरा जास्तच आहे. काही जण तो पाहून वेग वाढवतात, फट बंद व्हायच्या आत निसटायला.

आरसे कसे लावावेत?

बहुतेक चालक बाहेरचे आरसे असे लावतात की त्यात स्वतःच्या गाडीची बाजू छान दिसते. त्याने बरं वाटतं, पण गाडीची बाजू कुठे पळून जाणार नसते आणि आतला आरसा जे दाखवतो तेच बाहेरचे दोन पुन्हा दाखवत राहतात. अमेरिकी अभियंते जॉर्ज प्लॅत्झर यांनी 1995 मध्ये एका शोधनिबंधात याची भूमिती मांडून सोपी पद्धत सुचवली. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगसाठी ती अशी : डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवायचं आणि उजवा आरसा स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवायचा. मग डोकं गाडीच्या मध्यावर, दोन सीटच्या मधोमध न्यायचं आणि डावा आरसा तसाच लावायचा. सरळ बसल्यावर दोन्ही आरशांत स्वतःची गाडी दिसत नाही.

जमलं की नाही हे गर्दीतच तपासता येतं. मागून एखादी कार शेजारून पुढे जाऊ लागली की ती आतल्या आरशातून बाहेर पडायच्या आधी बाहेरच्या आरशात यायला हवी आणि तिथून नाहीशी होण्याआधी खिडकीत दिसायला हवी. मध्ये कुठे गायब झाली, तर आरसा अजून थोडा बाहेर. ही पद्धत पाचर बरीच अरुंद करते. पण प्लॅत्झर यांनी हिशेब केला तो कारसारख्या वाहनांचा. कार जिथे लपणार नाही अशी अरुंद फटही स्कूटरला पुरते. त्यामुळे आरसे असे लावल्यावर मान वळवायची गरज नाही, असं जे सांगितलं जातं, ते पुण्यात मानू नये. मागच्या काचांना पडदे किंवा जाळ्या लावल्या असतील तर मान वळवूनही उपयोग नाही.

बस आणि ट्रकच्या डाव्या दाराशी

कारमध्ये जी पाचर आहे ती ट्रकमध्ये खोली होते. समजा, ट्रकचालकाचे डोळे रस्त्यापासून 2.4 मीटर उंचीवर आहेत आणि डाव्या दाराच्या काचेची खालची कड 1.8 मीटरवर. डोळ्यांपासून ते दार साधारण 1.8 मीटर लांब. या कडेवरून जाणारी नजर जसजशी बाहेर जाते तसतशी खाली उतरते. स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरवर, ती पोहोचते तेव्हा दारापासून जवळपास 90 सेंटिमीटर बाहेर गेलेली असते. त्याच्या आतला दुचाकीस्वार दाराखाली पूर्ण झाकला जातो. सिग्नलला ट्रकच्या डाव्या दाराशी चिकटून उभं राहण्याची आपल्याकडची सवय नेमकी या 90 सेंटिमीटरमधली आहे. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो, आणि लांब वाहनाची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात. पुढचा भाग पुरेसा लांबून गेला म्हणून निर्धास्त झालेला स्वार मागच्या चाकाच्या वाटेत येतो.

लंडनने हाच प्रश्न काचेच्या आकारावरून हाताळला. तिथे ट्रकच्या केबिनमधून थेट डोळ्यांनी किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे दिले जातात. 12 टनांहून जड ट्रकना ऑक्टोबर 2024 पासून किमान तीन तारे लागतात, नाहीतर सेन्सर आणि कॅमेऱ्यांची ठरलेली यंत्रणा बसवावी लागते. भारतातही रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च 2025 मध्ये काढलेल्या मसुद्यात नव्या बस आणि ट्रकसाठी ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारी यंत्रणा सुचवली. अडचण अशी की शहरात फिरणारे बहुतेक डंपर, टँकर आणि मिक्सर आधीच रस्त्यावर आहेत. त्यांच्यासाठी डाव्या दारावर खाली बघणारा एक जादा गोल आरसा, हाच सध्या सर्वांत स्वस्त आणि लगेच करता येण्यासारखा उपाय आहे.

हेल्मेट, स्कार्फ आणि दुचाकीचा आरसा

दुचाकीस्वारही लेन बदलतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आरशाची तरतूद आहे, पण शोरूममधून गाडी आल्यावर आरसे काढून ठेवणारे, आत वळवणारे किंवा त्यात फक्त स्वतःची कोपरं पाहणारे पुण्यात कमी नाहीत. बसल्यावर आरशाच्या आतल्या कडेला खांद्याचा थोडाच भाग आणि उरलेल्यात रस्ता, अशी त्याची जागा. डावा आरसा लागत नाही हा समज तर चुकीचाच आहे, कारण इथे डावीकडूनही लोक पुढे जातात.

जानेवारी 2019 मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा जो विरोध झाला, त्यात हेल्मेटमुळे बाजूचं दिसत नाही हा युक्तिवाद जोरात होता. हे तपासून झालं आहे. अमेरिकेत 1994 मध्ये 50 स्वारांना हेल्मेट घालून आणि न घालता लेन बदलायला लावलं गेलं. हेल्मेट घातलेल्यांनी मान किंचित जास्त वळवली, शेजारचं वाहन दिसण्यात अडचण आली नाही. स्कार्फची गोष्ट वेगळी आहे. पुण्यात धूळ आणि उन्हासाठी चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळला जाणारा स्कार्फ कपाळाच्या आणि गालाच्या बाजूने पुढे आला, तर डोळ्यांच्या कोपऱ्यातली हद्द खांद्यापासून पुढे सरकते. तो डोळ्यांच्या बाहेरच्या कडेच्या मागे बांधला आणि वर हेल्मेट घातलं, तर ती अडचण उरत नाही.

रात्री आणखी एक भर पडते. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम सुरू असतो आणि दिवसा त्याचा फायदा होतो. रात्री मात्र मागे बस असली की तिच्या दोन प्रखर दिव्यांमध्ये स्कूटरचा एकच दिवा मिसळून जातो, आणि पाऊस पडून काचेवर थेंब असले तर तिन्ही दिवे मिळून एकच चमक दिसते.

आपण कारचालकाला दिसतो आहोत का, हे दुचाकीवरून तपासायचा एक साधा मार्ग आहे. पुढच्या गाडीच्या बाहेरच्या आरशात चालकाचा चेहरा शोधायचा. चेहरा दिसत असेल तर त्यालाही आरशात आपण दिसू शकतो. फक्त आकाश, दरवाजा किंवा रिकामी काच दिसत असेल, तर आपण पाचरीत आहोत. तिथून एकतर दोन मीटर मागे यायचं किंवा त्याच्या पुढच्या दरवाजाच्या पुढे निघून जायचं, पण त्याच्या वेगाने तिथेच चालत राहायचं नाही.